मॅडम, यादी नको, एक स्प्रिंग टांगा

"सर, मी एका ग्रामीण भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते. शिक्षण एम.एस्सी. यंदा फर्स्ट इयरच्या इंडक्शनमध्ये स्वागताचं भाषण माझ्याकडे आलंय. 'पुढच्या वर्षांत डिफरन्शियल इक्वेशन्स कशाला लागतात' हे वीस-पंचवीस मिनिटांत सांगायचंय. आजवरची भाषणं म्हणजे रॉकेट, हवामान, शेअर बाजार, साथीचे रोग अशी यादी असते आणि मुलं तेवढ्यात फोन काढतात. पुढचे विषय मी कधी शिकवलेले नाहीत, त्यामुळे माझीही यादीच होईल असं वाटतं. अमेरिकेतला टाकोमाचा पूल कोसळतानाचा व्हिडिओ रेझोनन्सचं उदाहरण म्हणून दाखवू का? आणि निम्मी मुलं कॉम्प्युटरची आहेत. 'आम्हाला याचा काय उपयोग' असं त्यांनी विचारलं तर काय सांगू?"
— एक प्राध्यापिका

मॅडम, सप्रेम नमस्कार.

भाषणात एकच समीकरण ठेवा. सेकंड ऑर्डर, कॉन्स्टंट कोएफिशियंट, म्हणजे तुम्ही दरवर्षी फळ्यावर सोडवता तेच. त्याचे रूट्स काढायला तुम्हाला कुणा मेकॅनिकलवाल्याची मदत लागणार नाही. आणि गंमत अशी की पुढच्या तीन वर्षांत मुलांना हेच रूट्स प्रत्येक विषयात नाव बदलून भेटणार असतात, पण ते तेच आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. मेकॅनिकलचे सर नॅचरल फ्रिक्वेन्सी म्हणतात, इलेक्ट्रिकलचे ट्रान्झियंट म्हणतात, कंट्रोल सिस्टिमचे पोल म्हणतात, आणि प्रत्येक जण आपापल्या तासाला शून्यापासून सुरुवात करतो. मी व्हायब्रेशन शिकवायचो तेव्हा फायनल इयरच्या ओरलला हमखास विचारायचो. 's² + 2s + 98 चे पोल काढ' म्हटलं की मुलगा लगेच काढायचा. 'हेच तू मॅथ्सला काय म्हणून काढलं होतंस?' म्हटलं की तो शेजारच्याकडे बघायचा. ऑक्झिलरी इक्वेशन त्याच्या लेखी एम-टूच्या पेपरात राहिलेलं असायचं.

तेव्हा सुरुवात फळ्यापासून नको, स्प्रिंगपासून करा. फिजिक्सच्या लॅबमधून एक लांब, मऊ स्प्रिंग आणि अर्धा किलोचं वजन मागून घ्या. स्टेजवर स्टँडला किंवा हुकाला स्प्रिंग टांगा, वजन हळूच अडकवा आणि स्प्रिंग किती ताणली गेली ते पट्टीनं मोजा. समजा 10 सेंटिमीटर आली. आता वजन हलवायच्या आधीच मुलांना सांगा, 'हे मी खाली ओढून सोडलं की वीस हेलकाव्यांना पावणेतेरा सेकंद लागतील.' त्यांच्या हातात फोन आहेतच, स्टॉपवॉच लावायला सांगा. मोजताना वजन सोडलं की 'शून्य' म्हणायचं, 'एक' नाही. नाहीतर एक हेलकावा कमी पडतो आणि उत्तर अर्ध्या सेकंदाहून जास्त चुकतं. मोजून झाल्यावर पाचशे मुलांच्या सभागृहात जी शांतता होते ती कुठल्याही रॉकेटनं होत नाही.

हे कसं कळलं, ते फळ्यावर तीन ओळींत होतं. वजन स्थिर लटकलेलं असताना स्प्रिंगचा ओढ आणि गुरुत्वाकर्षण समसमान असतात, म्हणून mg = kδ. इथे δ म्हणजे तुम्ही पट्टीनं मोजलेले 10 सेंटिमीटर. हलताना न्यूटनचा नियम म्हणतो mx'' = −kx. दोन्ही एकत्र केले की वस्तुमान उडून जातं:

x'' = −(g/δ) x

g घ्या 9.8, δ घ्या 0.1 मीटर, म्हणजे x'' = −98x. दोनदा डिफरन्शिएट केल्यावर स्वतःच्याच उलट येणारं फंक्शन कुठलं, हे बारावीच्या मुलांना विचारा. साइन-कोसाइन असं उत्तर कुठूनतरी येतंच. √98 म्हणजे 9.9 रेडियन दर सेकंद, एका हेलकाव्याला 6.283 भागिले 9.9, म्हणजे 0.635 सेकंद, आणि वीसला 12.7. घड्याळ न लावता, वजन किती आहे हेही न विचारता, फक्त पट्टीनं लांबी मोजून वेळ सांगितली. या जागी मिनिटभर थांबा. डिफरन्शियल इक्वेशन नेमकं काय काम करतं हे इथे दिसतं: आत्ता, या क्षणी लागू असलेला नियम दिला की पुढच्या बारा सेकंदांचा हिशोब हाती येतो.

प्रयोग फसू शकतो, त्यामुळे आदल्या दिवशी करून बघाच. तीन गोष्टी पाहा. पहिली, स्प्रिंगचं स्वतःचं वजन. स्प्रिंगचा वरचा भाग जवळजवळ हलत नाही आणि खालचा वजनाबरोबर हलतो, म्हणून हिशोबात तिच्या वस्तुमानाचा एक-तृतीयांश वजनात मिळवावा लागतो. स्प्रिंग 60 ग्रॅमची असेल तर 500 च्या जागी 520, म्हणजे वेळ दोन टक्क्यांनी वाढते. तेवढं मोबाइलच्या बटणावरच्या बोटातच हरवतं, पण जड स्प्रिंग आणि हलकं वजन घेतलंत तर फरक डोळ्यांत भरेल. (आणि अशा वेळी ताण मोजायचा तो फक्त वजन अडकवल्यामुळे वाढलेला.) दुसरी, काही स्प्रिंगा वेटोळ्याला वेटोळं घट्ट चिकटवून बनवलेल्या असतात. त्या थोडं वजन लागेपर्यंत उघडतच नाहीत, त्यामुळे ताण कमी मोजला जातो आणि तुमचं भाकीत खऱ्यापेक्षा लहान येतं. रिकामी स्प्रिंग धरली असता वेटोळ्यांमधून उजेड दिसत नसेल तर ती स्प्रिंग घेऊ नका. तिसरी गंमत पुस्तकात क्वचितच असते. हुकापासून वजनाच्या मध्यापर्यंतची लांबी जर त्या ताणाच्या चौपट, म्हणजे आपल्या बाबतीत 40 सेंटिमीटर, भरली तर वर-खाली हलणारं वजन थोड्याच वेळात आपोआप लंबकासारखं डावी-उजवीकडे झुलायला लागतं, आणि मग परत वर-खाली. लंबकाची फ्रिक्वेन्सी तेव्हा स्प्रिंगच्या बरोबर निम्मी होते आणि ऊर्जा एकीकडून दुसरीकडे जात राहते. बघायला फार सुंदर, पण वीस हेलकावे मोजायचे असताना नको. वजन एखाद्या फुटाच्या दोऱ्यानं आणखी खाली टांगलं की लांबी बदलते आणि हा त्रास जातो.

आता दुसरी पायरी. त्याच वजनाला पुठ्ठ्याची मोठी चकती लावा किंवा वजन पाण्याच्या बादलीत बुडलेलं राहील अशी सोय करा. हेलकावे लवकर मरतात. (पाण्यात हेलकावा थोडा संथही होतो, कारण वजनाबरोबर आजूबाजूचं पाणीही ढकलावं लागतं. कुणी हुशार मुलगी हे पकडेल, तयार राहा.) फळ्यावर वेगाच्या प्रमाणातला विरोध मिळवा. अर्धा किलो वजन, 49 न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग, आणि विरोधाचा आकडा सोपा म्हणून 1 घेऊ:

0.5x'' + 1x' + 49x = 0

ऑक्झिलरी इक्वेशन r² + 2r + 98 = 0, आणि रूट्स −1 ± 9.85i. हे तर मुलं पुढे झोपेतही काढतील. पण इथे घाई करू नका, कारण भाषणाचा गाभा हाच आहे. या उत्तरात दोन आकडे आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत. 9.85 हा काल्पनिक भाग सांगतो किती जलद हलेल: एक हेलकावा 0.638 सेकंदाचा, आधीपेक्षा किंचित संथ. −1 हा वास्तव भाग सांगतो किती लवकर मरेल: उंची e^(−t) प्रमाणे घटते, एका सेकंदात 37 टक्के उरते, चार सेकंदांत दोन टक्क्यांहूनही कमी. विरोध दहापट केला, तर रूट्समधला काल्पनिक भाग नाहीसा होतो आणि वजन हेलकावे न घेता मुकाट्यानं जागेवर येतं. ऑफिसच्या दाराला लावलेला डोअर क्लोजर नीट जुळवलेला असेल तर तो या सीमेच्या आसपास वागतो, आणि बिघडला की दार आपटतं.

मग सांगा की ही जोडी लिहून ठेवा, −1 आणि 9.85. सेकंड इयरला इलेक्ट्रिकलचे सर 1 हेन्रीची कॉइल, 2 ओहमचा रेझिस्टन्स आणि साधारण 10,200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एका ओळीत जोडतील. Lq'' + Rq' + q/C = 0 लिहिलं की r² + 2r + 98 येतं. तीच जोडी. यावेळी हेलकावतोय तो चार्ज, आणि मरण्याच्या प्रक्रियेला ते 'ट्रान्झियंट' म्हणतील. थर्ड इयरला कंट्रोल सिस्टिममध्ये ट्रान्सफर फंक्शनच्या छेदात s² + 2s + 98 दिसेल, त्याच्या रूट्सना 'पोल' म्हणतील आणि एका कागदावर फुल्या मारून दाखवतील. फुली उभ्या अक्षाच्या डाव्या बाजूला एक घर आहे, म्हणजेच आपला −1. 'सेटलिंग टाइम चार भागिले वास्तव भाग' असं सूत्र पाठ करायला देतील. ते चार कुठून आले? e^(−4) दोन टक्क्यांच्या खाली जातं म्हणून. आत्ता दोन मिनिटांपूर्वी आपण तेच केलं.

गणिताच्या तासाला तुम्ही उत्तर दोन तुकड्यांत लिहायला लावता, सीएफ आणि पीआय. मुलांना हे परीक्षेचे मार्क वाटून घेण्यासाठी केलेले तुकडे वाटतात. प्रत्यक्षात सीएफ म्हणजे यंत्रणेचा स्वतःचा स्वभाव: बाहेरून काहीही न करता, नुसतं डिवचून सोडलं तर ती कशी वागेल. पीआय म्हणजे बाहेरून सतत कुणी हलवत असेल तर त्याला दिलेलं उत्तर. इंजिनिअरिंगचे बरेचसे विषय या दोहोंपैकी एकाची काळजी वाहतात, आणि कुठला विषय कशाची वाहतो हे कळलं की टाकोमाचा प्रश्नही सुटतो. पण त्याआधी पीआयचं एक घरगुती उदाहरण द्या.

कारखान्यातली साधी मोटर मिनिटाला 1440 फेरे करते, म्हणजे सेकंदाला 24. तिचा फिरणारा भाग थोडा जरी असंतुलित असेल तर ती पायाला सेकंदाला 24 धक्के देते. खालचा मजला थरथरू नये म्हणून तिच्याखाली स्प्रिंगा किंवा रबरी पॅड घालतात. मोटर ठेवल्यावर पॅड अडीच मिलिमीटर दबला तर मघाचंच सूत्र वापरून त्या जोडगोळीची फ्रिक्वेन्सी येते सेकंदाला साधारण 10. पीआय काढला की मजल्यापर्यंत पोचणारा धक्का 1 भागिले (गुणोत्तराचा वर्ग वजा 1) इतका राहतो. 24 भागिले 10 म्हणजे 2.4, त्याचा वर्ग 5.8, त्यातून एक गेला, म्हणजे धक्क्याचा पाचवा हिस्साच खाली जातो. छान. आता कुणीतरी म्हणतं, 'हा पॅड फार मऊ आहे, मजबूत टाका.' कडक पॅड आला, मोटरच्या वजनानं 0.4 मिलिमीटरच दबला. हिशोब करा: फ्रिक्वेन्सी जवळजवळ 25. मोटर 24. म्हणजे मजबुतीच्या नावाखाली आपण रेझोनन्स विकत घेतला. पॅडच्या डॅम्पिंगवर अवलंबून मजल्याला कित्येक पट धक्का बसणार, बोल्टनं थेट जमिनीला आवळली असती तर यापेक्षा बरं झालं असतं. (रबर हलताना जरा जास्त कडक वागतं, त्यामुळे रबरासाठी हे आकडे अंदाजाचे समजावेत. स्टीलच्या स्प्रिंगला नीट लागू पडतात.) घरी सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन असेल तर मुलांनी हे रोज पाहिलंय. ड्रायर पूर्ण वेगात शांत असतो आणि थांबता थांबता मध्येच एकदा थडथडतो. त्या क्षणी त्याचा वेग स्वतःच्या नॅचरल फ्रिक्वेन्सीवरून खाली उतरत असतो.

सिव्हिलच्या मुलांसाठी रेझोनन्सचं उदाहरण हवं असेल तर 19 सप्टेंबर 1985 चा मेक्सिको सिटीचा भूकंप घ्या. केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ होतं. पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेला, आणि तो गाळ साधारण दोन सेकंदांच्या तालात हलला. बसक्या इमारती बऱ्याच वाचल्या, खूप उंच इमारतीही वाचल्या. सर्वांत जास्त मार बसला तो सहा ते पंधरा मजल्यांच्या दरम्यानच्या इमारतींना, कारण त्यांचा स्वतःचा काळ त्या तालाच्या जवळपास होता. आपल्या आय.एस. 1893 मध्ये काँक्रीटच्या फ्रेमसाठी T = 0.075 h^0.75 असं सूत्र आहे. 30 मीटरच्या इमारतीला ते साधारण एक सेकंद देतं, आणि तडे जाऊन इमारत सैल झाली की तो काळ आणखी वाढत दोनच्या दिशेनं सरकतो. थर्ड किंवा फायनल इयरला ही T मुलं डोळे झाकून वापरतात. ती आपल्या 0.635 ची मोठी बहीण आहे, एवढं सांगितलंत तरी पुरे.

आता टाकोमा. व्हिडिओ जरूर दाखवा, पण रेझोनन्स म्हणून नको. बऱ्याच भाषणांत तो तसाच दाखवतात, आणि तुमच्याच समीकरणानं ती चूक दाखवता येते.

पूल 1 जुलै 1940 ला उघडला आणि 7 नोव्हेंबरला पडला. मधला गाळा 853 मीटरचा, रुंदी जेमतेम 12 मीटर, आणि दोन्ही कडांना जाळीदार ट्रसऐवजी 2.4 मीटर उंचीचे भरीव पोलादी गर्डर. त्या दिवशी वारा ताशी 68 किलोमीटरच्या आसपास, एकसारखा वाहत होता. वारा मिनिटाला अमुक वेळा झोके देत होता आणि ते पुलाच्या फ्रिक्वेन्सीशी जुळले, अशी नेहमीची गोष्ट असते. पण एकसारख्या वाऱ्यात झोके कुठून येणार? तर म्हणतात, गर्डरच्या मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांमधून. बरं, मोजून बघू. त्या वेगाला त्या उंचीच्या अडथळ्यामागे सुटणारे भोवरे सेकंदाला सुमारे एक, म्हणजे मिनिटाला साठेक भरतात. आणि फिल्ममध्ये पूल मिनिटाला बारा-चौदा वेळाच पिळवटतोय. जुळणी कुठेच नाही. बिल्ला आणि स्कॅनलन या दोघांनी 1991 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये पाठ्यपुस्तकांची ही चूक सविस्तर दाखवली.

मग झालं काय? पुलाचं पिळवटणंच स्वतःला पोसत होतं. रस्ता थोडा तिरका झाला की त्यावरून जाणाऱ्या हवेचा दाब बदलायचा, आणि तो बदल त्या हालचालीला विरोध करण्याऐवजी त्याच दिशेनं ढकलायचा. वेगाच्या प्रमाणातलं बळ, पण उलट चिन्हाचं. म्हणजे आपल्या समीकरणातला मधला 1 ऋण झाला. स्प्रिंगच्या आकड्यांत लिहून दाखवा:

0.5x'' − 0.1x' + 49x = 0

रूट्स: +0.1 ± 9.9i. उजवीकडे शून्य आहे, बाहेरून ताल देणारं कुणी नाही, पीआय नाहीच. पण सीएफमधला e^(0.1t) दहा सेकंदांत 2.7 पट होतो आणि मिनिटभरात चारशे पट. म्हणजे टाकोमा पीआयमध्ये नाही, सीएफमध्ये आहे. रेझोनन्समध्ये दोष बाहेरच्या तालाचा असतो आणि ताल बदलला की सुटका होते. इथे दोष स्वभावातच आला होता, आणि त्यावर उपाय एकच, मधल्या पदाचं चिन्ह बदलणं. 1950 मध्ये त्याच जागी बांधलेल्या पुलाला जाळीदार ट्रस दिले, रस्ता रुंद केला. हवेला आरपार वाट मिळाली, पूलही पिळायला कडक झाला. कंट्रोलच्या भाषेत, पोल उजव्या बाजूला होता तो डावीकडे आणला. खोल काप घेतला की लेथवर टूल जे किंचाळतं, किंवा माइक स्पीकरजवळ नेला की जी शिट्टी वाजते, तिथेही वास्तव भाग धन झालेला असतो. माइकची शिट्टी तुमच्या सभागृहात तशीही वाजेलच, वाजली की तिकडे बोट दाखवा.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. हे सरळ समीकरण हेलकावे वाढायला का लागले ते सांगतं, ते कुठवर वाढतील ते सांगत नाही. e^(0.1t) कागदावर थांबत नाही. पूल मात्र तासभर पिळवटत राहिला, मग तुटला. मोठ्या हालचालीत विरोध वेगाच्या साध्या प्रमाणात राहत नाही, आणि तिथे नॉन-लिनिअर समीकरणं लागतात. फर्स्ट इयरला एवढं एक वाक्य पुरे.

राहिली कॉम्प्युटरची मुलं. त्यांना खोटं सांगू नका. ज्यांना पुढे वेबसाइट आणि डेटाबेस करायचेत त्यांना सीएफ-पीआय रोज लागणार नाही, आणि ते हे इंटरनेटवरून तासाभरात शोधूनही काढतील. त्यांना उपदेश नको, एक बिघडलेला प्रोग्रॅम दाखवा. मघाचीच स्प्रिंग, विरोध शून्य, 5 सेंटिमीटर ओढून सोडलेली, एखाद्या गेममध्ये असते तशी सेकंदाला 60 फ्रेमनं चालणारी:

```python
x, v, h = 0.05, 0.0, 1/60
for i in range(300):
    a = -98*x
    x = x + h*v
    v = v + h*a
print((x*x + v*v/98)**0.5)
```

शेवटच्या ओळीत हेलकाव्याची उंची छापली जाते. पाच सेकंद चालल्यावर ती 5 सेंटिमीटरच यायला हवी. येते 2.8 मीटर! कुणीही ऊर्जा घातलेली नाही, टायपिंगची चूक नाही, प्रत्येक ओळ बघायला बरोबर. मुलांना विचारा कुठे चुकलं, आणि थोडा वेळ भांडू द्या.

कारण तुमच्याच विषयातलं आहे. दर फ्रेमला x आणि v ची जोडी ज्या गुणकानं गुणली जाते तो 1 ± iωh आहे, आणि त्याचा मॉड्युलस √(1 + ω²h²), म्हणजे √(1 + 98/3600), साधारण 1.0135. दर फ्रेमला 1.35 टक्के वाढ. सेकंदाला 2.24 पट, पाच सेकंदांत 56 पट. खरी स्प्रिंग टिकून आहे, पण प्रोग्रॅममधली स्प्रिंग टाकोमा झाली, कारण h चा तुकडा घेताना आपणच ऋण डॅम्पिंग घुसवलं. आता v ची ओळ x च्या ओळीच्या वर न्या, म्हणजे x काढताना नवा v वापरला जाईल. दोन ओळींची अदलाबदल, बाकी काही नाही, आणि उंची 5 सेंटिमीटरच्या आसपास राहते. h आणखी लहान करून पहिला प्रोग्रॅमही काही काळ सावरता येतो, पण वाढ शून्य होत नाही, फक्त उशिरा दिसते. ज्याला हे कळलं त्याला गेम, रोबो किंवा कुठलंही सिम्युलेशन लिहिताना 'स्क्रीनवर वस्तू उडून का गेली' याचा शोध कुठे घ्यायचा ते माहीत असेल. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून हा प्रोग्रॅम दोनदा चालवायला तीन मिनिटं लागतात. त्यासाठी मोटर गाळावी लागली तरी चालेल. मेक्सिकोही गाळता येईल. स्प्रिंग, रूट्स आणि टाकोमा मात्र ठेवा.

शेवटी प्रश्नांना वेळ ठेवा, कारण दोन प्रश्न बहुधा येतील. एक, 'मॅडम, जास्त ओढून सोडलं तर वेळ वाढेल का?' उत्तर नाही, जोवर वेटोळी एकमेकांवर आपटत नाहीत आणि स्प्रिंग कायमची ताणली जात नाही तोवर. करून दाखवा, वजन हाताशीच आहे. दुसरा प्रश्न थोडा खोडकर असतो: 'सूत्रात g आहे, मग चंद्रावर नेली तर?' मुलं म्हणतील वेळ वाढेल, कारण लंबकाचं तसं होतं हे त्यांना पाठ आहे. त्यांना सांगा की चंद्रावर तेच वजन स्प्रिंगला 10 सेंटिमीटर ताणणारच नाही, जेमतेम पावणेदोन ताणेल. g सहावा हिस्सा झाला तसा δ ही सहावा हिस्सा झाला. वीस हेलकाव्यांना तिथेही पावणेतेरा सेकंदच लागतील.